दाजींची जमीन आणि फेरफार

चि. बाळ,

बँकेच्या माणसाने ‘म्युटेशन’ मागितलं आणि तू गोंधळलास, असं अक्का म्हणाली. तो मागतोय तो आपला फेरफार. जमिनीवरच्या हक्कात काही बदललं, की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये होते आणि तिला एक क्रमांक पडतो. सातबारावर नावाजवळ जो आकडा दिसतो, तो याच नोंदीचा.

हर्सूलचं तुमचं दोन हेक्टर रान दाजींनी स्वतः खरेदी केलेलं आणि मृत्युपत्र नाही. म्हणजे दाजी गेले त्याच दिवशी ते अक्का, तू, तुझा भाऊ आणि दोघी बहिणी अशा पाचांचं झालं, प्रत्येकी चाळीस आर. हा हक्क तुम्हाला वारसा कायद्याने मिळाला, तलाठ्याने दिलेला नाही. त्यामुळे फेरफारात एखादं नाव राहून गेलं तरी त्या माणसाचा हिस्सा बुडत नाही, आणि चुकून घुसलेला माणूस मालकही होत नाही. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. पण चुकीची नोंदसुद्धा खोटी ठरेपर्यंत कायदा खरी धरून चालतो. म्हणून ती पहिल्यांदाच नीट करून घे.

मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज दे. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोंद धरली की चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. नाहीतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि मगच दाजींच्या नावाला कंस होतो. नुसता क्रमांक पडला म्हणून पेढे वाटू नकोस.

आता मुख्य गोष्ट. गावात कुणीतरी सांगेल, “बहिणींची नावं कशाला, तुझं एकट्याचं एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लाव.” किंवा बहिणींना ‘इतर हक्कात’ टाकायला सांगेल. आपल्याकडे हे वर्षानुवर्षं चाललं, आणि रानाला भाव आला की त्याच नोंदींवरून भावंडं कोर्टात उभी राहिली. पाचही नावं भोगवटादार म्हणूनच लागू देत. बहिणींना हिस्सा सोडायचाच असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावरच्या संमतीवर भिस्त ठेवू नकोस, आणि त्यांच्या मनात नसेल तर विषयही काढू नकोस.

वारसफेराने बांध पडत नाहीत, हेही धाकट्याला सांग. रस्त्याकडचा तुकडा त्याचा, असं त्याने मनाशी धरलंय म्हणे. नावं लागली तरी रान पाचांचं सामाईकच राहणार. कोणाचे चाळीस आर कुठे, हे वाटप झाल्यावर ठरेल, आणि त्या वाटपाचा फेरफार वेगळा असेल.

मंजूर झाल्यावर फेरफाराची आणि सातबाराची नक्कल काढ. पाचही नावांची स्पेलिंगं आधारशी ताडून पाहा. निकाल मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, मात्र साठ दिवसांत.

तुझा,
मामा