तोंडी ऑर्डर कागदावर येईपर्यंत

एरवी डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय आम्ही सिस्टर कुठलंही औषध देत नाही. पण पेशंटचं हृदय थांबलं की लिहायला कोणाचेच हात मोकळे नसतात. ऑर्डर तोंडी येते आणि त्याच क्षणी पाळावी लागते. ती नंतर कागदावर कशी आणायची, याबद्दल मेडिसिन वॉर्डाच्या रात्रपाळ्यांनी मला जे शिकवलं, ते इथे लिहिते आहे.

१. ऐकलेली ऑर्डर आकड्यासकट आणि मापासकट परत म्हणायची.

घाईत डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन एक द्या." एक काय? आपल्याकडे अ‍ॅट्रोपिनची जी अ‍ॅम्प्यूल सर्रास मिळते, तिच्यात ०.६ मिलिग्रॅम असतं. डॉक्टरांच्या मनात एक मिलिग्रॅम असेल आणि मी एक अ‍ॅम्प्यूल दिली, तर पेशंटला कमी औषध जातं आणि कागदावर मात्र 'एक' दिसतं. म्हणून मी मोठ्याने विचारते, "अ‍ॅट्रोपिन एक मिलिग्रॅम, शिरेतून, सर?" समोरून "हो" आलं की द्यायचं, आणि दिल्यावर पुन्हा सांगायचं, "अ‍ॅट्रोपिन एक मिलिग्रॅम गेलं." "हो" ऐकू आलं नाही तर परत विचारायचं. त्यात दोन सेकंद जातात, ते जाऊ द्यावेत.

फोनवरच्या ऑर्डरची रीत वेगळी. तिथे आधी लिहायचं आणि मग लिहिलेलं वाचून दाखवायचं. नुसतं परत म्हणून भागत नाही, कारण ऐकलेलं बरोबर असलं तरी लिहिताना चूक होऊ शकते. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, तेव्हा 'वन-फाइव्ह' की 'फाइव्ह-झीरो' असं आकडा फोडून विचारायचं. शक्य असेल तर फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्या सिस्टरला जवळ उभं करायचं.

२. लिहिणारी व्यक्ती एकच हवी, आणि घड्याळही एकच.

चार जण धावपळ करत असताना एकीने फक्त कागद-पेन घेऊन पायथ्याशी उभं राहायचं. औषध, मात्रा, वेळ, शॉक, नाडी एवढंच टिपायचं. कोणी हातावर, कोणी ग्लोव्हजच्या खोक्यावर लिहिलं, तर पहाटे ते जुळवणं फार कठीण जातं. वेळ वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाची धरायची, स्वतःच्या मोबाइलची नाही. शॉक देणाऱ्या यंत्राचं स्वतःचं वेगळं घड्याळ असतं आणि ते बहुतेकदा कोणी लावलेलं नसतं.

३. रिकाम्या अ‍ॅम्प्यूल हिशोब होईपर्यंत टाकायच्या नाहीत.

सगळ्या एका किडनी ट्रेमध्ये जमा करायच्या. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाची स्मृती त्या वेळी भरवशाची नसते आणि ट्रे मात्र खोटं बोलत नाही. एका रात्रीचा हिशोब मांडून दाखवते.

२.१४ ला पेशंटची नाडी लागेना, छातीवर दाब सुरू झाला. २.१६ ला पहिला शॉक. २.१८ ला दुसरा, आणि पाठोपाठ अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम. २.२० ला तिसरा शॉक आणि अ‍ॅमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. २.२२ ला चौथा शॉक आणि अ‍ॅड्रेनलिनचा दुसरा डोस. २.२४ ला नाडी लागली. चिठ्ठीवर एवढंच होतं.

ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिनच्या तीन अ‍ॅम्प्यूल निघाल्या, म्हणजे एक जास्त. अ‍ॅमिओडॅरोनच्याही तीन. १५० मिलिग्रॅमच्या दोन अ‍ॅम्प्यूल म्हणजे ३००, मग तिसरी कुठे गेली? ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात लेबल लावलेल्या दोन भरलेल्या सिरिंज सापडल्या. २.२३ ला डॉक्टरांनी "पुढचं अ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅमिओडॅरोन दीडशे तयार ठेवा" असं सांगितलं होतं. मदतीच्या सिस्टरने ते भरलं आणि तेवढ्यात नाडी आली. म्हणजे ऑर्डर आली, औषध भरलं, दिलं नाही. हेही लिहावं लागतं. दोघींच्या देखत ते टाकलं आणि तशी नोंद केली. सिरिंज सापडल्या नसत्या, तर 'तीन फोडल्या, दोन दिल्याची नोंद, तिसरीचा हिशोब लागत नाही' असंच लिहिणं भाग होतं. आकडा जुळावा म्हणून तिसरा डोस कल्पनेने भरायचा नाही.

यंत्रातून निघालेल्या पट्टीवर पहिला शॉक २.०९ ला दिसत होता. चारही शॉकांत सात-सात मिनिटांचाच फरक होता, म्हणजे यंत्राचं घड्याळ मागे होतं. पट्टी फाइलला लावली आणि हा फरक शेजारी लिहून ठेवला. पट्टीवरच्या वेळा खोडायच्या नाहीत.

४. मागाहून लिहिलेलं मागाहूनच दिसलं पाहिजे.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात, घटना घडल्याची आणि लिहिल्याची. त्या रात्रीची एक ओळ मराठीत अशी होईल: 'मागाहून नोंद, लिहिण्याची वेळ ३.०५. २.१८ ला ड्यूटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरांची तोंडी ऑर्डर, अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम शिरेतून, परत म्हणून खात्री केली, २.१८ ला दिले.' त्याखाली ऑर्डर घेणारीचं नाव आणि सही, ऑर्डर देणाऱ्याचं पूर्ण नाव. चुकलं तर एकच रेघ, बाजूला सही, व्हाइटनर नाही. मूळ चिठ्ठी कितीही चुरगळलेली असली तरी फाइलमध्येच राहते. स्वच्छ प्रत काढून मूळ चिठ्ठी फाडणं मला अजिबात मान्य नाही.

५. मागाहून लिहिलेली ऑर्डर नवी वाटता कामा नये.

हा धोका फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पहाटे डॉक्टर निवांत बसून औषधांच्या तक्त्यात 'अ‍ॅमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम' लिहितात आणि शेजारचा 'दिले' हा रकाना रिकामा राहतो. सकाळच्या सिस्टरला ते राहिलेलं औषध वाटतं. म्हणून डॉक्टर लिहीत असतानाच मी शेजारी उभी राहते आणि त्याच ओळीत दिल्याची वेळ भरून घेते. याच्या उलट, नाडी आल्यावर सुरू केलेली ड्रिप चालूच असते. तिची ऑर्डर वेग आणि मात्रेसह नव्याने लिहून घ्यायची. इमर्जन्सी संपली की तोंडी ऑर्डरची सवलतही संपते.

६. सही ऑर्डर देणाऱ्याची हवी, वाचून केलेली हवी, आणि सही करण्याची वेळ खरी हवी.

अनेक रुग्णालयांच्या नियमात चोवीस तासांची मुदत असते. पण रेसिडेंटची ड्यूटी सकाळी बदलली की तो दुसऱ्या वॉर्डात जातो, आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये पोचल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं की रकाना कोराच आहे. म्हणून मी आठ वाजायच्या आत, हँडओव्हरच्या आधी सही मागते. "कुठे करू?" असं विचारत पान उलटणाऱ्या डॉक्टरांना मी म्हणते, "सर, एकदा वाचून घ्या." त्या रात्री डॉक्टरांना अ‍ॅमिओडॅरोन दुसऱ्या शॉकनंतरच सांगितल्यासारखं वाटत होतं. चिठ्ठी आणि पट्टी पाहून त्यांची खात्री पटली. पटली नसती, तर माझी ओळ तशीच राहिली असती आणि त्यांनी खाली स्वतःची वेगळी नोंद केली असती. दोघांच्या आठवणी वेगळ्या असतील तर दोन्ही फाइलमध्ये असाव्यात.

सही सकाळी ७.४० ला झाली तर ७.४० च लिहायचं. २.१८ ची सही ७.४० ला करून २.१८ घालणारा डॉक्टर पेशंटचं काही बिघडवत नाही, पण त्या वेळी त्याचे दोन्ही हात पेशंटच्या छातीवर होते हे त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मग उरलेल्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील? डॉक्टर रजेवर गेले असतील, तर रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे युनिटच्या जबाबदार डॉक्टरांनी स्वतःच्या नावाने आणि कारण लिहून सही करायची. दुसऱ्याच्या नावापुढे तिसऱ्याने सही केलेली मी घेत नाही, आणि कोऱ्या पानावर आगाऊ सही तर घेतच नाही.