खड्ड्यात पडलेल्याने कुणाच्या दारात जायचे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पावसाळ्यात रात्री स्कूटरवरून घरी येत होता. पुलाच्या उतारावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे चाक अडकले आणि तो फेकला गेला. खांद्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, दोन महिने कामावर जाता आले नाही. नगरपालिका म्हणते, रस्ता बांधकाम खात्याचा. बांधकाम खाते म्हणते, आम्ही तो कधीच नगरपालिकेच्या ताब्यात दिला. पोलिसांच्या कागदावर तर ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ एवढेच आहे. आम्हाला भरपाई मिळू शकते का?
– एक वाचक

उत्तर : मिळू शकते. मात्र या प्रकरणात दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात : भाऊ खड्ड्यामुळेच पडला ही एक, आणि त्या दिवशी तो रस्ता कुणाच्या ताब्यात होता ही दुसरी. तुमची सगळी धावपळ दुसरीसाठी चालली आहे. खरे तर तिची कागदपत्रे सरकारी कपाटात आहेत, ती महिन्याभरानेही तिथेच असतील. पहिलीचा पुरावा मात्र एका रात्रीत डांबर पडून बुजतो.

आधी मालकीचे पाहू. महाराष्ट्रात रस्त्याची देखभाल त्याच्या दर्जावरून ठरते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे; काही भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सांभाळते, काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. शहरातले रस्ते साधारणपणे महानगरपालिका किंवा नगरपालिकेचे. शिवाय एमएसआरडीसी, एमएमआरडीए, एमआयडीसी, सिडको यांचे आपापले रस्ते असतात. मैलाचा दगड दिसला तर त्याचा माथा पाहा : पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग.

गोंधळ होतो तो शिवेवर आणि हस्तांतरणात. गावाबाहेरून बायपास निघाला की आतला जुना महामार्ग पालिकेकडे सोपवला जातो, पण कागद महिनोन्महिने रेंगाळतो. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून महापालिकेकडे गेले. त्याआधीच्या आणि नंतरच्या खड्ड्यांचे उत्तरदायी वेगळे. म्हणून ‘हा रस्ता कुणाचा’ असे विचारू नका. पुलाचे नाव आणि ठिकाण देऊन, अपघाताच्या तारखेला देखभाल कुणाकडे होती ते माहितीच्या अधिकारात दोन्ही कार्यालयांना विचारा. सोबत हस्तांतरणाचा कागद, शेवटच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी आणि त्या जागेबद्दल आधी आलेल्या तक्रारींच्या नोंदी मागा. दोष दायित्व कालावधी चालू असेल तर खड्डा बुजवण्याचे काम कंत्राटदाराचे असते. तरी तुमच्या भावाला उत्तर देण्यातून रस्त्याची मालक संस्था सुटत नाही. तिने हवे तर पैसे कंत्राटदाराकडून वसूल करावेत.

आता पुरावा. खड्ड्याचे फोटो अजून काढता येत असतील तर आजच काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि मागे खांब, दुकान किंवा पुलाचा कठडा यांसारखी न हलणारी खूण येऊ द्या. खड्डा बुजवला असेल तर ताज्या डांबराच्या ठिगळाचाही फोटो घ्या. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर अपघाताचे कारण काय लिहिले आहे ते वाचा. तिथे ‘खड्ड्यात पडल्याने’ असे असेल तर तो तुमचा भक्कम कागद आहे, कारण तो भरपाईचा विचार मनात येण्याआधी लिहिला गेला. पोलिसांकडे पुरवणी जबाब द्या, ज्यांनी भावाला उचलले त्यांचेही जबाब नोंदवून घ्या. ‘ताबा सुटला’ हे वाक्य तसेच राहिले तर समोरचा पक्ष तेच वाचून दाखवतो. मृत्यू झाल्यास तर कधीकधी मृत चालकावरच निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो.

भरपाईचे दोन रस्ते आहेत. पहिला तुलनेने सोपा. मुंबई उच्च न्यायालयात खराब रस्त्यांबाबतची जनहित याचिका २०१३ मध्ये एका न्यायमूर्तींच्याच पत्रावरून सुरू झाली. चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात न्यायालयाने सांगितले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी त्याच प्रकरणात रक्कमच ठरवून दिली : खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. ठरवणारी समिती दोघांची. नगरपालिकेच्या हद्दीत मुख्याधिकारी, महानगरपालिकेत आयुक्त आणि त्यांच्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. इतर संस्थांच्या रस्त्यांसाठी त्या-त्या संस्थेचा प्रमुख आणि हेच सचिव. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे; नाहीतर जबाबदार अधिकाऱ्यावर व्यक्तिशः ठपका आणि ९ टक्के व्याज.

तुमच्यासाठी सोय अशी की, हे सचिव प्रत्येक समितीत आहेत. त्यामुळे मालकीचा वाद मिटण्याची वाट न पाहता जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, दोन्ही कार्यालयांची टोलवाटोलवी लेखी जोडा आणि पोच घ्या. आदेशात नंतर काही बदल झाला आहे का, तेही तिथेच विचारा.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. समजा, उपचाराला १ लाख ८० हजार गेले, दोन महिन्यांचा पगार ५० हजार बुडाला आणि हात कायमचा अधू राहिला. समितीने अडीच लाख दिले तरी पुढच्या वर्षांतले नुकसान त्यात मावत नाही. ते दाव्यात मागता येते; समितीच्या रकमेमुळे तो मार्ग बंद होत नाही. इथे प्रश्न येतो, संस्थेला धोका माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घड्याळ मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. जीर्ण बांधकामाची तपासणी हे तिचे कामच होते. उलट राजकोटमध्ये वरून धडधाकट दिसणारे झाड वाटसरूवर कोसळले, त्या प्रकरणात १९९७ मध्ये पालिका सुटली. खड्डा उघड दिसतो, आणि त्याची तक्रार आधी झालेली असेल तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव उरत नाही. म्हणून वर तक्रारींची नोंद मागायला सांगितली. भावाने हेल्मेट घातले नव्हते किंवा वेग जास्त होता असे दिसले, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते.

दाव्याला मुदती आहेत. पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत लावायचा असतो. ही मुदत हलगर्जीपणाला लागू होते का यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून घेऊ नका. सरकारी खात्याला दोन महिन्यांची नोटीस लागते. मालक नक्की नसेल तर दोघांनाही नोटीस द्या, दोघांनाही प्रतिवादी करा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्याचा सल्ला कुणी देईल. ते मुख्यतः वाहनाच्या वापरातून दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठी आहे. एकट्याच्या पडण्यात तिथे फारसे हाती लागत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १९८ अ रस्त्याच्या सदोष देखभालीसाठी एक लाखापर्यंत दंड सांगते, पण तो निधीत जातो, जखमीला नाही. मात्र स्कूटर भावाच्याच नावावर असेल तर तिच्या विम्याच्या कागदात मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का पाहा. ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठीच असते. भावाचा हात पूर्ववत होणार नाही असे डॉक्टर म्हणाले, तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या. ते विमा कंपनी, समिती आणि न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी लागेल.