अडलेला शब्द तिथेच सोडायचा

पापडीच्या तळ्यापासून चार पावलांवर आमचं घर. पडवीत बसून मी गेली कित्येक वर्षं मुलींची आयेल्ट्सची तयारी करून घेते. बहुतेक नर्सिंग झालेल्या, बऱ्याच जणी मराठी माध्यमातल्या. गेल्या महिन्यात भाचीला ऐकण्याच्या परीक्षेच्या सरावाला बसवलं होतं. पहिले तीन भाग तिने नीट ऐकले आणि चौथ्यात घसरली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण या भागात जवळपास सगळ्याच जणी एकाच जागी अडतात.

चौथा भाग म्हणजे एकाच माणसाचं व्याख्यान, ३१ ते ४० असे दहा प्रश्न. ते एकदाच ऐकवतात. आधीच्या भागांत मध्ये थांबून पुढचे प्रश्न वाचायला वेळ मिळतो, इथे मध्ये थांबा नाही. समोर बहुधा व्याख्यानाच्या टिपणांचा कागद असतो, त्यात रिकाम्या जागा. उत्तरं बोलण्याच्या क्रमानेच येतात. हा क्रमच तुमचा आधार आहे, तो धरून ठेवा.

सरावासाठी मी केळीवर एक व्याख्यान लिहून ठेवलं आहे. मुद्दाम केळी घेतली, कारण वसईच्या मुलीला केळीची वाडी सांगावी लागत नाही. मी वाचत होते, भाची लिहीत होती. ३१ वा प्रश्न होता की केळीचं 'खोड' घट्ट गुंडाळलेल्या कशाचं असतं. मी वाचलं, हे खोड म्हणजे 'सूडोस्टेम', 'इन अदर वर्ड्स', एकावर एक गुंडाळलेली 'लीव्ह्ज'. तिने 'लीव्ह्ज' लिहिलं. ३२ वा प्रश्न, लागवडीच्या केळ्यात काय नसतं. मी वाचलं, हे फळ 'पार्थेनोकार्पिक' आहे, म्हणजे परागीभवनाशिवाय धरतं, म्हणून त्यात 'सीड्स' सापडत नाहीत. त्यानंतर ३३ मध्ये नवी रोपं कशापासून येतात, तर 'सकर्स'. ३४ मध्ये ग्रो मिशेल ही जुनी जात कशाने उद्ध्वस्त केली, तर मातीत राहणाऱ्या 'फंगस'ने.

संपल्यावर कागद पाहिला. ३१ बरोबर. ३२ च्या जागी 'पार्थे', 'पार्थो', पुन्हा 'पार्थे', तिन्ही खोडलेले, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद चुरगळला होता. ३३ आणि ३४ कोरे. ती म्हणाली, "मावशी, सकर्स म्हणजे मुनवे, ते तर मला येतं गं! पण मला ऐकूच आलं नाही."

ऐकू आलं होतं, ठेवायला जागा नव्हती. ऐकलेला आवाज आपण मनात दोन-एक सेकंद धरू शकतो आणि तो टिकवायचा तर मनातल्या मनात पुटपुटावा लागतो. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये कार्यरत स्मृतीचा जो आराखडा मांडला, त्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा आहे. नवं वाक्यही तिथेच उतरतं. 'पार्थेनोकार्पिक' घोळवत राहिलात तर 'सकर्स'ला उतरायला ओटाच मोकळा राहत नाही. म्हणून पहिला कानमंत्र असा की अनोळखी शब्द मनात पुन्हा म्हणायचा नाही. तो एखाद्या परक्या माणसाच्या नावासारखा घ्यायचा. नावाचा अर्थ आपण विचारत बसत नाही. फार तर समासात पहिलं अक्षर टिपायचं.

आणि त्याच क्षणी कान पुढे करायचा, कारण अवघड शब्दाच्या पाठोपाठ सोपा शब्द येतो. प्राध्यापक अवघड शब्द टाकतो तेव्हा बहुधा तो लगेच उलगडूनही सांगतो, 'दॅट इज', 'इन अदर वर्ड्स', 'विच मीन्स' म्हणून किंवा नुसतं 'ऑर' म्हणून. कधी उलटा क्रम असतो, आधी सोपं वर्णन आणि मग 'नोन अ‍ॅज' म्हणून संज्ञा. परीक्षा इंग्रजीची आहे, वनस्पतिशास्त्राची नाही, त्यामुळे रिकाम्या जागेत सहसा साधाच शब्द बसतो. माझ्या उताऱ्यात 'लीव्ह्ज', 'सीड्स', 'सकर्स', 'फंगस' ही उत्तरं होती. 'सूडोस्टेम' आणि 'पार्थेनोकार्पिक' हे नुसते वाटेवरचे दगड.

दुसरी गोष्ट, डोळे एका रिकाम्या जागेवर रोवायचे नाहीत, नेहमी दोन जागांवर ठेवायचे, चालू आणि पुढची. व्याख्यान सुरू होण्याआधी वाचायला जो थोडा वेळ मिळतो, त्यात अर्थ लावत बसू नका. प्रत्येक जागेआधीच्या एका ठळक शब्दाभोवती गोल करा आणि तिथे नाम बसेल, आकडा की अनेकवचन, तेवढं ठरवा. टिपणांतली उपशीर्षकं अधोरेखित करा. ३२ वर अडलेली असताना ३३ चा गोल केलेला शब्द कानावर आला की ३२ सोडायचा. तिथे थोडंही रेंगाळायचं नाही. एक गुण गेला तो गेला. भाचीचे तीन गेले, आणि त्यातला एकच त्या शब्दाने नेला होता.

दोन-तीन जागा हुकल्याच तर पुढची रिकामी जागा शोधू नका, पुढचं उपशीर्षक शोधा. तिथे वक्ता 'मूव्हिंग ऑन टू', 'नाऊ लेट्स टर्न टू' असं काहीतरी म्हणतो. फाट्यावर चुकलेला माणूस पुढच्या नाक्यावर उभा राहतो, तसं तिथे उभं राहायचं.

संज्ञाच उत्तर असेल तर? क्वचित असते. मग कानावर आली तशी अक्षरं लिहून ठेवा आणि पुढे चला. कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर फक्त २ मिनिटं तपासायला. तेव्हा स्पेलिंगची डागडुजी करा, कारण स्पेलिंग चुकलं की गुण जातो. 'लीव्ह्ज'च्या जागी एकवचन लिहिलं तरी जातो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून जागा कोरी ठेवायची नाही. वाक्यात बसेल तो शब्द लिहायचा.

एक सावधगिरी खास आपल्या मुलींसाठी. विषय ओळखीचा निघाला की मोह होतो. भाचीने दुसऱ्या फेरीत ३१ ला सोपटं आठवून 'लेयर्स' लिहिलं. वाडीतल्या माणसाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण वक्त्याने म्हटलेला शब्द तो नव्हता. उत्तर आपल्या माहितीतून नाही, त्याच्या तोंडून घ्यायचं.

हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगते. सराव झाल्यावर छापील संहिता घ्या आणि हुकलेल्या प्रत्येक जागेची ओळ पाहा. तिथे मोठी संज्ञा आडवी आलेली दिसली, तर वर सांगितलेलं करा. पण 'यील्ड', 'स्प्रेड', 'रिप्लेस' असे साधे शब्दच निसटलेले दिसले, तर संज्ञेला दोष देऊ नका. तिथे रोजचा शब्दसंग्रह कमी पडतो आहे आणि त्याला दोन-तीन महिने रोज ऐकणं लागतं. परीक्षेची तारीख पुढे ढकललेली बरी.

भाचीला मी आठवडाभर एकच सराव दिला. मी व्याख्यान वाचायचं आणि मध्ये कुठेतरी अर्थ नसलेला, बनवलेला शब्द घालायचा. तो आला की तिने पेन्सिल उचलून पुढच्या गोलावर टेकवायची, बस्स. पहिल्या दिवशी पेन्सिल जागेवरून हलेना. शनिवारी मी 'ग्लोमॅथिक' म्हटलं, तिची पेन्सिल न थांबता सरकली आणि पुढची दोन्ही उत्तरं कागदावर होती.