अपुरे दरपत्रक आणि खरेदी अधिकाऱ्याचे पत्र : व्यावहारिक मराठीतील एका लेखनप्रकाराचा विचार

व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात व्यापारी पत्राचा विचार बहुधा मायना, विषय, संदर्भ आणि समारोप या चौकटीपुरता होतो. चौकट बरोबर असली म्हणजे पत्र बरोबर, असा समज त्यामुळे विद्यार्थ्यांमध्ये रूढ होतो. वस्तुतः व्यापारी पत्रातील प्रत्येक वाक्याने काहीतरी घडते किंवा घडायचे टळते. प्रस्तुत लेखात यासाठी एकच प्रसंग विचारात घेतला आहे. पुरवठादाराचे दरपत्रक माल पोचविण्याच्या अटींपूर्वीच संपलेले आहे आणि खरेदी अधिकाऱ्याला त्याला पत्र लिहावयाचे आहे. पुढील उदाहरण अध्यापनासाठी रचलेले आहे. त्यातील संस्था, व्यक्ती व आकडे काल्पनिक आहेत.

भुसावळ परिसरातील केळी उत्पादकांची एक सहकारी संस्था केळी भरण्यासाठी पुठ्ठ्याची ५,००० खोकी घेणार आहे. नाशिकच्या पुरवठादाराने प्रति खोके ४८ रुपये दर दिला आहे, तर जळगावच्या पुरवठादाराने ५० रुपये, 'भुसावळ गोदाम पोच'. दोन्ही दर कर वगळून आहेत. नाशिकच्या दरपत्रकावर खाली 'पृष्ठ २ पैकी १' अशी नोंद आहे. अट क्रमांक ४ मध्ये 'माल पोचविण्याची व्यवस्था' एवढे शब्द येतात आणि मजकूर थांबतो. खाली स्वाक्षरी नाही. वरवर पाहता नाशिकचा माल दहा हजार रुपयांनी स्वस्त आहे. परंतु नाशिकहून भुसावळपर्यंतचे मालमोटारीचे भाडे व हमाली मिळून १८,००० रुपये संस्थेवर पडले, तर प्रति खोके ३ रुपये ६० पैसे वाढतात आणि ४८ रुपयांचे खोके ५१ रुपये ६० पैशांना पडते. स्वस्त दर महाग ठरविणारे वाक्य हरवलेल्या पृष्ठावर आहे.

येथे पहिला प्रश्न वाचनाचा आहे. एखादी अट दरपत्रकात नसणे आणि ती असून आपल्यापर्यंत न पोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात पुरवठादार मौन राहिलेला असतो, दुसऱ्यात तो बोललेला असतो, पण त्याचे बोलणे तुटलेले असते. हा भेद ओळखण्याच्या खुणा कागदावरच असतात : पृष्ठक्रमांक, अटींचा अनुक्रम, क्रियापदाविना राहिलेले वाक्य आणि स्वाक्षरीचा अभाव. मराठी पत्रव्यवहाराच्या परंपरेला ही जाणीव नवी नाही. शिवकालीन पत्रांत मजकुराच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी लहान मुद्रा उठविली जाई. 'लेखनसीमा' हा शब्दही पत्राच्या अखेरीस येई. मजकूर येथे संपला, यापुढे काही जोडलेले नाही आणि यातून काही गळालेले नाही, हे त्यातून वाचणाऱ्याला कळे. 'शिक्कामोर्तब' या शब्दातील 'मोर्तब' ही शेवटची मुद्राच होय. नाशिकच्या दरपत्रकाला मोर्तब नाही. म्हणून ते अपूर्ण ठरते.

दुसरा प्रश्न असा की, अधिकाऱ्याने पत्र न लिहिता थेट मागणी नोंदविली तर काय होईल? करारात जी जागा रिकामी राहते ती काही अंशी कायदा भरतो. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ३६ नुसार, अन्यथा ठरलेले नसेल तर माल करार होताना जेथे असेल तेथेच ताब्यात द्यावयाचा असतो. माल अजून तयार व्हायचा असेल तर तो जेथे तयार होतो तेथे. म्हणजे खोकी नाशिकच्या कारखान्यात ताब्यात घ्यावयाची आणि पुढचे भाडे संस्थेने द्यावयाचे. विक्रेत्याने माल पाठविण्याचे पत्करले, पण मुदत ठरली नाही, तर तो 'वाजवी मुदतीत' पाठविणे एवढेच त्याच्यावर बंधन येते. केळीचा घड कापणीला आल्यावर ही वाजवी मुदत निरुपयोगी ठरते, कारण तिचा निर्णय वादानंतर होतो आणि घड तोवर थांबत नाही. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ६ प्रमाणे प्रस्तावात मुदत सांगितलेली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो. दर किती दिवस लागू राहील हे वाक्यही त्याच हरवलेल्या पृष्ठावर असू शकते.

तिसरा प्रश्न भाषेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. हरवलेल्या अटी विचारताना नकळत नवा प्रस्ताव मांडला जाण्याचा धोका असतो. कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद असावी लागते. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लंडमधील निर्णयात, एक हजार पौंडांच्या प्रस्तावाला साडेनऊशे पौंडांचे उत्तर दिल्याने मूळ प्रस्तावच संपला, असे ठरले. उलट १८८० च्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन या निर्णयातील तारेत, ठरलेल्या भावाने लोखंड दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने देता येईल का, अशी विचारणा होती. न्यायालयाने तिला नवा प्रस्ताव न मानता केवळ चौकशी मानले, आणि मूळ प्रस्ताव शाबूत राहिला. भुसावळच्या अधिकाऱ्याने 'माल आमच्या गोदामात पोचविला जाईल असे गृहीत धरून आपला दर मान्य करीत आहोत' असे लिहिले, तर ते वाक्य दिसते स्वीकृतीचे, पण त्यात स्वतःची अट घुसलेली आहे. 'माल कोठे ताब्यात देणार, हे कृपया कळवावे' हे वाक्य मात्र चौकशीचेच राहते. एका वाक्यात 'गृहीत धरून' आहे, दुसऱ्यात विध्यर्थी 'कळवावे'. फरक व्याकरणाचा दिसतो, परिणाम मात्र कराराचा आहे.

या विवेचनाच्या आधारे पत्राचा पुढील नमुना सिद्ध होतो.

जा. क्र. खरेदी/२१७
दिनांक : १२ फेब्रुवारी

प्रति,
विक्री व्यवस्थापक, नाशिक

विषय : पुठ्ठ्याच्या खोक्यांचे दरपत्रक अपूर्ण मिळाल्याबाबत
संदर्भ : आपले दरपत्रक क्र. ८८, दिनांक ९ फेब्रुवारी

महोदय,
आपले उपरोक्त दरपत्रक ११ फेब्रुवारी रोजी मिळाले. त्यावर 'पृष्ठ २ पैकी १' अशी नोंद असून मजकूर अट क्र. ४ मधील 'माल पोचविण्याची व्यवस्था' या शब्दांवर थांबतो. दुसरे पृष्ठ व स्वाक्षरी आमच्याकडे आलेली नाही.

मूळ दरपत्रकाचे दुसरे पृष्ठ जसेच्या तसे, स्वाक्षरीसह पाठवावे. त्यात पुढील बाबींचा उल्लेख नसल्यास त्या स्वतंत्रपणे कळवाव्यात :
१. माल कोणत्या ठिकाणी ताब्यात देणार, आणि भाडे व भराई-उतराईची हमाली कोण देणार.
२. मागणीपत्र आपणास मिळाल्याच्या दिवसापासून किती दिवसांत सर्व खोकी त्या ठिकाणी पोचतील.
३. वाटेत भिजलेली वा दबलेली खोकी कोण व किती दिवसांत बदलून देणार.
४. दर कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील.

हे पत्र केवळ चौकशीचे आहे. याद्वारे आपले दरपत्रक स्वीकारलेले वा नाकारलेले नाही, तसेच पहिल्या पृष्ठावरील दरात बदल सुचविलेला नाही. आपले लेखी उत्तर १९ फेब्रुवारीपर्यंत मिळावे. त्यानंतर उपलब्ध कागदांच्या आधारे तुलनात्मक तक्ता करण्यात येईल.

आपला विश्वासू,
खरेदी अधिकारी

या पत्रात अधिकारी प्रथम काय मिळाले आणि ते कोठे थांबले हे सांगतो. तुटलेले शब्द तो अवतरणात देतो, त्यामुळे पुरवठादाराला आपली प्रत ताडून पाहता येते. दोष कोणाचा हे तो लिहीत नाही, कारण पृष्ठ पाठविताना राहिले की घेताना, हे त्याला माहीत नाही. आधी मूळ पृष्ठ मागणे आणि मग प्रश्न विचारणे, हा क्रमही हेतुपूर्वक आहे. केवळ प्रश्न विचारले असते, तर पुरवठादाराला इतरांचे दर कानी आल्यावर सोयीची नवी उत्तरे रचण्याची मुभा मिळाली असती. 'जसेच्या तसे' हे शब्द ती मुभा आकुंचित करतात.

प्रश्नांच्या शब्दयोजनेतही मराठीचे काही विशेष ध्यानी घ्यावे लागतात. 'दहा दिवसांत' आणि 'दहा दिवसांनी' यांत केवळ प्रत्ययाचा भेद आहे, परंतु पहिल्याने मुदतीची कमाल मर्यादा कळते आणि दुसऱ्याने दहा दिवस उलटल्याखेरीज माल येणार नाही असे सूचित होते. 'पासून' या शब्दयोगी अव्ययापूर्वी काय आहे, हेही पाहिले पाहिजे : मागणीपत्र लिहिल्यापासून, मिळाल्यापासून की आगाऊ रक्कम भरल्यापासून? 'पोच' हा शब्द तर द्व्यर्थी आहे. 'पत्राची पोच' म्हणजे मिळाल्याची कबुली, 'भुसावळ पोच' म्हणजे तेथवर आणून दिलेला माल. उत्तरात 'माल पाठविण्यात येईल' असे आले, तर हा प्रयोग कर्ता झाकतो हे ओळखावे. कोण पाठवील, कोणाच्या खर्चाने, हे त्यातून कळत नाही. शिवाय पाठविणे म्हणजे पोचविणे नव्हे. कलम ३९ नुसार, विक्रेत्याने माल पाठवावयाचा ठरलेला असेल तर वाहतूकदाराच्या हाती दिलेला माल प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिलेलाच समजला जातो. म्हणून नमुन्यात 'कोण देणार' आणि 'पोचतील' अशी कर्तरी रचना योजिली आहे.

या पत्राला मर्यादाही आहेत. मोहोरबंद निविदेत अपूर्ण दरपत्रक नाकारले जाईल असे आधीच जाहीर केलेले असेल, तर अधिकाऱ्याला असे पत्र लिहिता येत नाही, कारण एकाला दिलेली दुरुस्तीची संधी इतरांवरील अन्याय ठरते. साध्या दरपत्रकांच्या व्यवहारातही पत्र तुलनात्मक तक्त्यापूर्वी गेले पाहिजे. दूरध्वनीवरून विचारणा झाली तरी उत्तर लेखीच हवे, अन्यथा तक्त्यातील नोंदीला आधार उरत नाही.

प्रस्तुत उदाहरणात १७ फेब्रुवारीला दुसरे पृष्ठ येते आणि अट क्र. ४ पूर्ण होते : 'माल पोचविण्याची व्यवस्था खरेदीदाराने करावी, माल कारखान्यातून पंधरा दिवसांत.' तक्त्यात नाशिकचा दर आता ५१ रुपये ६० पैसे असा नोंदविला जातो आणि जळगावचे दरपत्रक १ रुपया ६० पैशांनी, म्हणजे एकूण ८,००० रुपयांनी, स्वस्त ठरते. पहिल्या पृष्ठावर 'व्यवस्था' या नामाशी थांबलेल्या वाक्याचे कर्तृत्व कोणाकडे जाणार, एवढाच प्रश्न होता. ते 'करावी' या क्रियापदाने खरेदीदाराकडे दिले.