हायवेवर स्टीअरिंग का थरथरतं? तीस ग्रॅमचा धडा



गावात गाडी अगदी व्यवस्थित चालते. हायवेला लागलो, काटा ८० च्या पुढे गेला, की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. वेग ७० वर आणला की थरथर गायब. मागे बसलेली मुलं विचारतात, "आता का नाही हलत?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर दहावीच्या विज्ञानातल्या अभिकेंद्री बलात आहे. आज तेच नीट समजून घेऊ.

चाक सगळीकडे सारखं जड नसतं

टायर आणि रिम कितीही काळजीने बनवले तरी परिघावर कुठेतरी थोडं वजन जास्त राहतंच. म्हणून टायर बसवताना रिमच्या कडेला छोटी वजनं लावून तो फरक भरून काढतात. पुढे एखादं वजन निसटून पडतं, पंक्चर काढताना टायर उतरवून वेगळ्या जागी बसतो, किंवा पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो. मग चाकाची एक बाजू पुन्हा जड होते.

हे मुलांना सायकलवर दाखवता येतं. सायकल उलटी उभी करा आणि पुढचं चाक हलकेच फिरवून सोडून द्या. थांबताना चाकाची जड बाजू खाली येते. आता रिमला एका जागी मातीचा गोळा घट्ट चिकटवा. चाक हळू फिरवलं तर विशेष काही जाणवत नाही. जोरात फिरवलं की अख्खी सायकल हादरते. (बोटं मात्र तारांपासून लांब ठेवायला सांगा.)

तीस ग्रॅम किती जोर लावतात?

एक उदाहरण सोडवू. समजा, गाडीचा टायर १६५/८० आर १४ मापाचा आहे. त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. रिमच्या कडेला, म्हणजे मध्यापासून सुमारे ०.१८ मीटरवर, ३० ग्रॅम वजन जास्त आहे.

सूत्र आपल्याला माहीत आहे: F = mrω²

ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण ५.७ फेऱ्या मारतं. बल येतं सुमारे ७ न्यूटन. म्हणजे पाऊण किलोची पिशवी उचलायला लागतो जवळपास तेवढाच जोर. गाडीच्या वजनापुढे तो जाणवतही नाही.

ताशी १०० ला चाक सेकंदाला १४ हून जास्त फेऱ्या मारतं. बल होतं सुमारे ४३ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. वेग अडीचपट झाला, पण बल सव्वासहापट वाढलं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आणि हा ओढा एका दिशेला राहत नाही. जड बाजू फिरते तसा तोही वर, पुढे, खाली, मागे असा फिरतो, तोही सेकंदाला चौदा वेळा. पुढच्या चाकाला बसणारे पुढचे-मागचे हिसके स्टीअरिंगच्या दांड्यांमधून थेट आपल्या हातात येतात.

मग ८० ते १०० च्या दरम्यानच थरथर जास्त का? झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसंच इथे होतं. चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची एक लय असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर वाढते. म्हणूनच काही गाड्यांत त्याहून जास्त वेगाला ती थोडी कमीही होते.

दुकानात काय करतात?

बरेच जण टायरवाल्याला सांगतात, "अलाइनमेंट करून द्या." पण अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल, तर ते लागतं. ठरावीक वेगाला होणाऱ्या थरथरीसाठी मागायचं ते व्हील बॅलन्सिंग.

त्यासाठी चाक काढून त्यावरचा चिखल, दगड आणि जुनी वजनं काढतात. मग चाक मशीनवर मधोमध घट्ट बसवून मशीनला रिमची मापं देतात. मशीन चाक फिरवतं आणि आतल्या व बाहेरच्या कडेला किती वजन लागेल ते वेगवेगळं दाखवतं. समजा, आत १० आणि बाहेर ३० ग्रॅम आलं. दोन आकडे कशासाठी? जड जागा आतल्या कडेला आणि भरपाई बाहेरच्या कडेला केली, तर चाक वर-खाली उडणार नाही, पण डावी-उजवीकडे डुलत राहील. म्हणून दोन्ही कडा वेगळ्या साधाव्या लागतात.

मशीन दाखवेल त्या जागी वजन बसवतात. लोखंडी रिमला ठोकून बसणारी क्लिपची वजनं, तर अलॉय रिमला बहुधा चिकटपट्टीची. ती लावण्याआधी जागा पुसून कोरडी करायला हवी, नाहीतर चार दिवसांत पडतात. यानंतर चाक पुन्हा एकदा फिरवून दोन्हीकडे शून्य आलं का ते बघायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते. तुम्ही उभे राहून ती करून घ्या.

बॅलन्सिंगने न जाणारी थरथर

स्टीअरिंगपेक्षा सीट आणि फ्लोअर जास्त थरथरत असेल, तर बहुधा मागची चाकं तपासावी लागतात. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टीअरिंग हलत असेल, तर संशय ब्रेकच्या डिस्कवर. हळू वेगातही चाक डुलत असेल, तर रिम वाकलेली आहे का, टायरला फुगवटा आलाय का ते पाहायचं. इथे एक मेख आहे. वाकडं चाक वजनं लावून मशीनवर शून्यावर आणता येतं, पण रस्त्यावर ते वाकडंच धावतं. म्हणून मशीनवर चाक फिरताना त्याची कड वर-खाली होते का, हे डोळ्यांनी बघा.

बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघतात (चारही एकाच मापाची असली तर). थरथर स्टीअरिंगमधून सीटकडे गेली, तर दोष चाकात आहे. ती स्टीअरिंगलाच राहिली, तर बेअरिंग किंवा स्टीअरिंगचे सांधे तपासायला हवेत.

आणि एक गोष्ट थांबून बघायचीच. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि थरथर अचानक सुरू होऊन वाढत असेल, तर नट सैल असू शकतात. टायर फुगून फुटायच्या बेतात असला तरी असंच होतं. अशा वेळी वेग हळूहळू कमी करा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि नट व टायर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्गासाठी एक गणित: याच चाकाला ताशी ८० किलोमीटर वेगाला किती बल येईल? मुलांनी आधी ४० च्या उत्तरावरून अंदाज करावा, मग सूत्राने ताळा पाहावा.