पहिले परिशिष्ट की परिशिष्ट एक?

दोन भाऊ आणि एक बहीण यांचं वाटणीपत्र मी लिहिलं होतं. एकच गट, क्षेत्र १ हेक्टर २० आर, प्रत्येकाला ४० आर. ‘पहिले परिशिष्ट’ म्हणजे सगळी जमीन; ‘दुसरे परिशिष्ट’ म्हणजे तिघांचे हिस्से, भाग I, II, III असे. इथवर ठीक होतं. पण शेवटची कलमं मी माझ्याच एका जुन्या मसुद्यातून उचलली. त्या मसुद्यात प्रत्येक हिश्शाला वेगळं परिशिष्ट होतं. त्यामुळे सातव्या कलमात वाक्य राहिलं: ‘परिशिष्ट एक मधील मिळकत थोरल्या भावाने उपभोगावी, तीत इतरांचा हक्क राहिलेला नाही.’

परिशिष्ट एक म्हणजे काय? मला अभिप्रेत होता भाग I. कागद मात्र सगळी जमीन थोरल्याला देत होता. दस्त नोंदला गेला. फेरफाराच्या वेळी तलाठ्यांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. मग चूक दुरुस्तीपत्र आलं, म्हणजे तिघांच्या सह्या पुन्हा आणि नोंदणीही पुन्हा. बहिणीला मुद्दाम गावी यावं लागलं. थोरले भाऊ सरळ माणूस म्हणून निभावलं.

मसुदा मी दोनदा तपासला होता, तरी चूक सुटली. ‘पहिले परिशिष्ट’ असं शोधलं, तर संगणक ‘पहिल्या परिशिष्टातील’ दाखवत नाही. मराठीत शब्द विभक्तीला वळतो. ‘परिशिष्ट एक’ तर मी शोधलंच नव्हतं. रोमन आकड्यांचा त्रास निराळा. ‘II’ शोधलं की ‘III’ सुद्धा सापडतं, आणि काही टंकलेखक रोमन दोनच्या जागी दोन दंड टाकतात. कागदावर फरक कळत नाही, शोधात ते कधीच सापडत नाहीत.

आता मी ‘परिशिष्ट-१’ एवढंच लिहितो. विभक्ती बाहेर ठेवतो, म्हणजे ‘परिशिष्ट-१ मधील’. कानाला जरा खरखरतं, पण नाव बदलत नाही. पोटभागांना अ, ब, क देतो, म्हणजे आकडा फक्त परिशिष्टाचा राहतो. सातबारा, नकाशा यांसारख्या जोडकागदांना ‘जोडपत्र’ म्हणतो. शेवटी नुसतं ‘परिशिष्ट’ शोधतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबून त्या परिशिष्टातला गट, क्षेत्र आणि चतुःसीमा त्या वाक्याशी जुळतात का ते पाहतो. ‘सर्व बदला’ची कळ मी वापरत नाही, कारण आधीच्या खरेदीखताचा उल्लेख असेल तर तिथलं ‘दुसरे परिशिष्ट’ तसंच राहायला हवं. ते त्या दस्तातलं नाव आहे.

ऐनवेळी वहिवाटीच्या रस्त्याचं परिशिष्ट वाढलंच, तर ते मधे घुसवत नाही. शेवटी ‘परिशिष्ट-३’ म्हणून जोडतो.