आभाराचं भाषण आणि उपाशी रांग

अगं, डॉक्टर दांपत्याचं स्वागत आणि आभार तुझ्याकडे आले म्हणून एवढी धास्तावतेस काय? भोपाळच्या साकेत नगरातल्या त्या मोफत दवाखान्यात दर महिन्याला खुर्च्या लावण्यापासून नावं लिहून घेण्यापर्यंत सगळं तूच तर बघतेस. चार वाक्यं बोलशीलच.

फक्त 'डॉक्टरसाहेब आणि वहिनी' असं म्हणू नकोस गं. त्याही तितकेच पेशंट तपासतात. दोघांची पूर्ण नावं आणि पदव्या आदल्या दिवशीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेव. मेळघाटातल्या बैरागडच्या कोल्हे दांपत्याला २०१९ साली पद्मश्री मिळाली, तीही स्मिता आणि रवींद्र अशी दोघांच्या नावे.

स्वागत मात्र एका मिनिटात उरक. बघ, रांगेत उपाशीपोटी साखर तपासायला आलेली वयस्कर मंडळी असतात, रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नसतं. त्यांच्यासमोर हार-नारळ नको. त्यापेक्षा डॉक्टरांचं काम हलकं होईल असं काही सांग: जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं हातात ठेवा, बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. खरं सांगू का, जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला की आकडा वर जातो आणि माणूस उगाच हबकतो. तुमच्या कॉलनीत हिंदी बोलणारे कितीतरी आहेत, तेव्हा हेच हिंदीतही सांग.

आभार शेवटचा पेशंट गेल्यावर, आधी दोघांना चहा देऊन. 'देवदूत', 'निःस्वार्थ सेवा' वगैरे नकोच. मी एकदा असं भाषण ठोकलं होतं, सत्कारमूर्ती घड्याळ बघत होते! तू साधं बोल: 'डॉक्टर, तुम्ही दोघं दर महिन्याला एक दिवस आम्हाला देता. गोळी का आणि कधी घ्यायची, हे घाई न करता समजावता. पुढच्या वेळी नावं आम्ही आदल्या संध्याकाळीच लिहून घेऊ, म्हणजे तुमचा वेळ तपासण्यातच जाईल.' डॉक्टरांना हे शेवटचं वाक्य शालीपेक्षा जास्त आवडेल बघ.

आणि हो, 'आपल्या अमक्या काकूंची साखर इथेच सापडली' असं कौतुकाच्या भरात बोलू नकोस. कॉलनीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि काकू पुढच्या महिन्यात येत नाहीत.

जाता जाता पुढची तारीख सांग. छातीत दुखलं किंवा तोंड वाकडं झालं, तर त्या तारखेची वाट बघायची नाही, हेही सांग. लगेच १०८ ला फोन करायचा, एम्स तर साकेत नगरातच आहे. एवढं कागदावर उतरव आणि मला फोनवर वाचून दाखव. दोन मिनिटांच्या वर गेलं तर मी कापणार हं!